ज्येष्ठ-आषाढात पाऊस असतो, मग ग्रीष्म कुठे जातो?

माझी मुलगी सहावीत आहे. तिच्या मराठीच्या पुस्तकात सहा ऋतू आहेत आणि इंग्रजीच्या पुस्तकात चार. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म असे तिला पाठ करायला सांगितले आहे, पण आमच्या खानापुरात आषाढात घराबाहेर पडता येत नाही इतका पाऊस असतो. महिने चुकले आहेत की ऋतू? आणि सहाचे चार कसे होतात?

परंपरेने चालत आलेल्या जोड्या अशा आहेत: चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत आणि माघ-फाल्गुन शिशिर. मुलीने पाठ केलेले परंपरेला धरून आहे आणि आपण अंगणात पाहता तेही खरे आहे. मी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील मराठी शाळांत एकतीस वर्षे भूगोल शिकवला आणि त्याच काळात पंचांगाचे गणितही करत आलो. आषाढातला हा ग्रीष्म जवळजवळ प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारतेच. याचे उत्तर देताना महिना आणि ऋतू या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात, कारण ऋतू सूर्यामुळे होतात आणि आपले महिने चंद्रावर चालतात.

ऋतूंच्या महिन्यांना चैत्र, वैशाख ही नावे मुळात नव्हती. तैत्तिरीय संहितेत 'मधुश्च माधवश्च वासन्तिकावृतू' असे म्हटले आहे, म्हणजे मधु आणि माधव हे वसंताचे दोन महिने. त्याच क्रमाने शुक्र आणि शुचि ग्रीष्माचे, नभस् आणि नभस्य वर्षेचे, इष आणि ऊर्ज शरदाचे, सहस् आणि सहस्य हेमंताचे, तर तपस् आणि तपस्य शिशिराचे आहेत. ही नावे ऋतूंच्या गुणांवरून आलेली दिसतात. नभ हे आकाशाचे नाव, ऊर्ज म्हणजे बळ, तप म्हणजे तापणे. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ ही नावे मात्र पौर्णिमेचा चंद्र चित्रा, विशाखा, ज्येष्ठा यांपैकी कोणत्या नक्षत्राजवळ असतो यावरून पडली आहेत. म्हणजे एक नाव ऋतूचे गुण सांगते आणि दुसरे आकाशातील चंद्राची जागा सांगते, आणि पुढे दुसऱ्या नावांनी पहिल्यांची जागा घेतली.

सूर्याच्या हिशेबाने ऋतू ठरवायचे असतील तर उत्तरायणापासून मोजायला सुरुवात करावी. उत्तरायणात शिशिर, वसंत आणि ग्रीष्म येतात, दक्षिणायनात वर्षा, शरद आणि हेमंत येतात. सूर्याच्या वर्षभराच्या ३६० अंशांच्या वाटेचे सहा समान भाग केले की प्रत्येक ऋतूला ६० अंश, म्हणजे साधारण दोन महिने मिळतात. सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त कलून परत फिरतो तो दिवस २१ किंवा २२ डिसेंबर असतो. तेथून शिशिर सुरू होतो. मग १९ फेब्रुवारीच्या सुमारास वसंत, २० एप्रिलच्या सुमारास ग्रीष्म, २१ जूनला वर्षा, २३ ऑगस्टच्या सुमारास शरद आणि २३ ऑक्टोबरच्या सुमारास हेमंत सुरू होतो. या तारखा वर्षानुवर्षे फार तर एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात. मराठी पंचांगांत आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकांत एप्रिलच्या १९-२० तारखेला 'सौर ग्रीष्म ऋतू प्रारंभ' अशी बारीक अक्षरांतली नोंद असते, ती याच हिशेबाची आहे. बहुतेकांची नजर तिच्यावर पडत नाही.

आता २०२४ हे एक वर्ष घेऊन दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवून पाहू. त्या वर्षी गुढीपाडवा ९ एप्रिलला होता. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत असे धरले तर वैशाखी अमावास्येपर्यंत, ६ जूनपर्यंत, वसंत ऋतू चालला. एप्रिलअखेरची तलखी, मे महिन्यातला उकाडा आणि वळवाच्या सरी असे सगळे त्या वसंतात आले. ७ जूनला ज्येष्ठ लागला, म्हणजे तिथीप्रमाणे ग्रीष्म लागला. तेव्हा आपल्याकडे पेरण्यांची लगबग चालू होती. हा ग्रीष्म आषाढी अमावास्येला, ४ ऑगस्टला संपला. जुलै हा आपल्याकडे सर्वाधिक पावसाचा महिना आहे, आणि त्या जुलैत खानापूर तालुक्यातील नदी-नाले दुथडी भरून वाहत होते. तो सगळा महिना पाठांतराच्या हिशेबाने कडक उन्हाळ्यात जमा झाला. सौर हिशेबाने मात्र त्या वर्षीचा ग्रीष्म १९ एप्रिल ते २० जून असा होता आणि २१ जूनपासून वर्षा ऋतू सुरू झाला होता. दोन्ही ग्रीष्मांच्या सुरुवातीत ४९ दिवसांचे अंतर पडले. मुलीला विचारा, या दोघांपैकी खानापूरचा उन्हाळा कोणता. ती लगेच सांगेल.

हे अंतर दोन कारणांनी पडते. पहिले कारण दरवर्षी दिसणारे आहे. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे असते, सूर्याचे ३६५ दिवसांचे. त्यामुळे सण दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून ते पुन्हा पुढे ढकलले जातात. पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला येतो. सौर वसंत मात्र तिन्ही वर्षी १८-१९ फेब्रुवारीलाच लागतो. म्हणून चैत्र आणि वसंत यांच्यातील अंतर कधी चार आठवडे, तर कधी सात आठवडे भरते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे तिथीचा ग्रीष्म १७ मे ते १२ ऑगस्ट असा जवळजवळ तीन महिन्यांचा होतो. सूर्याला अर्थातच अधिक महिना माहीत नसतो.

दुसरे कारण फार सावकाश काम करते आणि म्हणून एका माणसाच्या आयुष्यात जाणवत नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, त्यामुळे उत्तरायणाचा दिवस नक्षत्रांच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने मागे सरकतो. चैत्र, वैशाख हे महिने नक्षत्रांना बांधलेले आहेत, ऋतू उत्तरायणाला बांधलेले आहेत, आणि ही गाठ हळूहळू सैल होत गेली. वेदांग ज्योतिषाच्या काळी उत्तरायण माघ शुद्ध प्रतिपदेला सुरू होत असे असे त्या ग्रंथातच सांगितले आहे. म्हणून माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर ही जोडी त्या वेळी चपखल बसत होती. आज उत्तरायण मार्गशीर्षात किंवा पौषात सुरू होते आणि माघ जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी लागतो. महिन्यांची जोडी मात्र आपण तीच ठेवली. मकर संक्रांतीचे तसेच आहे. १४-१५ जानेवारीला सूर्य नक्षत्रांच्या हिशेबाने मकर राशीत जातो, पण तो उत्तरेकडे वळून तोपर्यंत तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटलेला असतो.

जुन्या माणसांना हे घसरणे ठाऊक होते याची एक खूण आपल्या सणांतच आहे. वसंत पंचमी माघ शुद्ध पंचमीला येते, म्हणजे पाठांतराच्या हिशेबाने ऐन शिशिरात. २०२४ मध्ये ती १४ फेब्रुवारीला होती आणि सौर वसंत पाचच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला लागला. झाडांकडे पाहिले तरी तेच दिसते. जांबोटीच्या वाटेवर पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटतो, पांगारा आणि सावर त्याच सुमारास फुलतात, पिंपळाला तांबूस पालवी मार्चमध्ये येते. पाडवा उशिरा आला त्या वर्षी, चैत्राच्या पहिल्या दिवशी, पळसाची फुले गळून शेंगा धरू लागलेल्या असतात. कवितेतला वसंत झाडांवर शोधायचा असेल तर तो फाल्गुनात शोधावा.

भारत सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिने हा गुंता एका बाजूने सोडवला आहे. तिचे महिने सौर आहेत, नावे मात्र जुनीच ठेवली आहेत, आणि ऋतूंच्या जोड्या एका महिन्याने अलीकडे घेतल्या आहेत. त्यामुळे तेथे वसंत म्हणजे फाल्गुन-चैत्र, ग्रीष्म म्हणजे वैशाख-ज्येष्ठ, वर्षा म्हणजे आषाढ-श्रावण, आणि याच क्रमाने पुढचे ऋतू. तिचा वैशाख २१ एप्रिलला आणि आषाढ २२ जूनला सुरू होतो, म्हणून ऋतू सूर्याशी जुळतात. पण ही दिनदर्शिका घरात कोणी वापरत नाही, आणि नावे तीच असल्याने दोन याद्या समोर आल्या की मुलांना एक यादी चुकीची वाटते. शिकवताना 'हा चांद्र आषाढ की राष्ट्रीय आषाढ' हे स्पष्ट सांगितले नाही तर गोंधळ होणारच.

सौर हिशेबही आपल्या जिल्ह्याला पूर्णपणे बसतो असे मी म्हणणार नाही. पाऊस २१ जूनची वाट पाहत नाही. खानापूर-बेळगाव पट्ट्यात तो साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. सौर वर्षा ऋतू २३ ऑगस्टला संपतो, पण गणपतीत छत्री लागतेच आणि पूर्वेकडच्या अथणी, रायबागसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांना तर सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस शाळूच्या पेरणीसाठी हवाच असतो. कणकुंबीला, जेथे मलप्रभा उगम पावते, पावसाळा किती लांब असतो हे आपल्याला सांगायला नको. एका जिल्ह्यातच इतका फरक असताना सहा समान भागांचा कोणताही आराखडा ढोबळच राहणार.

या अडचणीवर आयुर्वेदाने काढलेली वाट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती शाळेत कोणी सांगत नाही. सुश्रुत संहितेत ऋतूंची दुसरीही एक गणना आहे. तिच्यात शिशिर नाहीच. त्याऐवजी आषाढ-श्रावण प्रावृट्, भाद्रपद-आश्विन वर्षा, कार्तिक-मार्गशीर्ष शरद, पौष-माघ हेमंत, फाल्गुन-चैत्र वसंत आणि वैशाख-ज्येष्ठ ग्रीष्म असे सहा ऋतू आहेत. प्रावृट् म्हणजे पावसाचा पहिला भाग. टीकाकारांनी याचे कारण देशभेदाने सांगितले आहे: गंगेच्या दक्षिणेस पाऊस फार काळ पडतो म्हणून पावसाचे दोन ऋतू, आणि उत्तरेस थंडी फार म्हणून थंडीचे दोन, हेमंत व शिशिर. पावसाला चार महिने आणि थंडीला दोनच, ही वाटणी आपल्या भागाशी किती जवळची आहे ते पाहा. ऋतूंची यादी देशानुसार बदलावी लागते हे आपल्याच परंपरेने मान्य केले होते, आणि आपण मात्र उत्तरेची यादी मुलांना सगळीकडे पाठ करायला लावतो.

शेतकऱ्याने तर ऋतूंची नावे कधीच कामाला घेतली नाहीत. तो नक्षत्रे मोजतो. सूर्य २५ मेच्या सुमारास रोहिणीत, ७-८ जूनला मृगात आणि २१-२२ जूनला आर्द्रात जातो, आणि या तारखा चंद्रावर नसल्याने पाडव्याप्रमाणे मागेपुढे होत नाहीत. धूळवाफेवर भात पेरायचे ते रोहिणीत, ही आपल्याकडची रीत याच स्थिरतेवर उभी आहे. ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर आणि आषाढातला महाराष्ट्रीय बेंदूर एकाच गावात महिन्याच्या अंतराने साजरे होताना आपण पाहतो. सण चंद्रावर चालतात, पेरणी सूर्यावर चालते, आणि दोन्ही एकाच घरात सुखाने नांदतात.

आता चार ऋतूंकडे वळू. पश्चिमेकडील गणनेत तीच ३६० अंशांची वाट सहाऐवजी चार भागांत कापलेली आहे, म्हणून तेथे प्रत्येक ऋतूला ९० अंश, म्हणजे तीन महिने येतात. स्प्रिंग २०-२१ मार्चला, समर २१ जूनला, ऑटम २२-२३ सप्टेंबरला आणि विंटर २१-२२ डिसेंबरला सुरू होतो. तेथील हवामानखाते सोयीसाठी १ मार्च, १ जून, १ सप्टेंबर आणि १ डिसेंबर असे धरते. यावरून दिसेल की २१ डिसेंबर आणि २१ जून या दोन तारखा दोन्ही गणनांत समान आहेत. शिशिर आणि विंटर एकाच दिवशी सुरू होतात, वर्षा आणि समरही एकाच दिवशी सुरू होतात. फरक त्या दिवशी आकाशात काय असते यात आहे.

युरोपात ऋतू ठरतो तो उन्हाच्या कालावधीवरून. लंडनला जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही लहान. बेळगाव विषुववृत्तापासून सोळा अंशांपेक्षा थोडे कमीच दूर असल्याने आपला सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे अकरा तास दहा मिनिटांचा असतो. दोन तासांच्या फरकाने कोठे चार ऋतू होत नाहीत. आपले ऋतू घडवतो तो पाऊस. सूर्य बेळगावच्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, ४ मेच्या सुमारास आणि ८-९ ऑगस्टच्या सुमारास. पहिल्या वेळी आकाश मोकळे असते आणि जमीन कोरडी, म्हणून एप्रिल-मेमध्ये ऊन भाजून काढते. दुसऱ्या वेळी सूर्य तितकाच डोक्यावर असतो, पण मध्ये दाट ढग असतात. बेळगावचे सरासरी कमाल तापमान एप्रिलमध्ये ३५-३६ अंश असते आणि ऑगस्टमध्ये २६ अंशांच्या आसपास. म्हणजे इंग्रजी पुस्तकातल्या समरचा शेवटचा महिना आपल्याकडे एप्रिलपेक्षा दहा अंशांनी थंड असतो. मी दरवर्षी मे महिन्यात मुलांना मैदानात एक सरळ काठी उभी करायला लावत असे. दुपारी सव्वाबाराच्या पुढे तिची सावली काठीच्या बुडाशी नाहीशी झालेली त्यांनी पाहिली की पुढचे समजावणे सोपे होई.

भाषांतराचा प्रश्नही येथेच येतो. स्प्रिंगला वसंत म्हणता येईल, कारण दोन्हीकडे पालवी फुटते. समरला ग्रीष्म म्हटले तर तो दोन महिने उशिरा येतो. सर्वांत मोठी चूक ऑटमला शरद म्हणण्यात होते. ऑटम म्हणजे पाने पिवळी होऊन गळण्याचा, थंडीकडे जाण्याचा काळ. आपला शरद म्हणजे ढग निवळलेले आकाश, स्वच्छ चांदणे, नद्यांचे नितळ पाणी, तयार होत आलेले भात आणि दुपारचे ते ऑक्टोबरचे ऊन, ज्याने आयुर्वेदाच्या मते पित्त वाढते. आपल्याकडे पानगळ होते ती शिशिरात, जानेवारी-फेब्रुवारीत, आणि ती थंडीपेक्षा जमिनीतील ओल कमी झाल्यामुळे होते. म्हणून ऑटमचे नाव शरदाला आणि त्याचे चित्र शिशिराला जुळते. सुरुवातीची काही वर्षे मीही फळ्यावर 'शरद म्हणजे ऑटम' असेच लिहीत होतो. खानापूरच्या एका मुलीने 'सर, पण शरदात तर आमची पाने हिरवीगार असतात' असे सांगितले, तेव्हापासून ते लिहिणे मी बंद केले.

भारतीय हवामानखाते चारच ऋतू मानते, पण ते युरोपचे चार नाहीत: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे पावसापूर्वीचा काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मोसमी पावसानंतरचा काळ. आणि आपण घरात बोलतो ते तीनच, उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. आपले कन्नड शेजारीही बेसिगे, मळेगाल आणि चळिगाल असे तीनच म्हणतात.

परीक्षेत मुलीने पुस्तकातल्या जोड्याच लिहाव्यात, कारण प्रश्न परंपरेतील नावांचा असतो. वहीत मात्र प्रत्येक ऋतूपुढे सौर प्रारंभाची तारीख लिहून ठेवावी, आणि वर्षभर त्या त्या तारखेला दाराबाहेर काय दिसले याची एक ओळ खाली टिपावी. फेब्रुवारीच्या १९ तारखेला पळस फुलला आहे का, २१ जूनपर्यंत ओढ्याला पाणी आले का, २३ ऑगस्टला ढग विरळ झाले की झड चालूच आहे. खानापुरात शेवटच्या नोंदीत बहुतेक झडच सापडेल.